कुठली वेळ जमेल ते कळवा

तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारली, त्याला आयुष्यात एकदा तरी मुलाखतीचं पॅनेल जमवावं लागलं असणार. निदान तारीखबाईचं तरी तसं ठाम मत होतं. ती इस्पितळाच्या आस्थापना विभागात काम करायची आणि खरं नाव तिलाही होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. जिन्यात भेटो की लिफ्टमध्ये, समोरच्याला ती पहिल्यांदा विचारणार, "मग कुठली तारीख धरू?" त्यामुळे वॉर्डबॉयपासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांनी तिला तारीखबाई करून टाकलं होतं. तिला त्याचा राग येत नसे. लोक तिला बघून जिना बदलत, त्याचा मात्र येई.

या वेळचं घोडं अडलं होतं डायलिसिस विभागात. आठ खुर्च्या, आठ मशीन. पेशंट येऊन बसायचा, त्याचं रक्त चार तास मशीनमधून फिरून स्वच्छ होऊन परत अंगात जायचं. दिवसातून अशा दोन पाळ्या. मशीन लावायचं, त्याच्यावर नजर ठेवायची, संपलं की सोडवायचं आणि पुढच्या पाळीसाठी आतून धुऊन तयार ठेवायचं, हे तंत्रज्ञाचं काम. तंत्रज्ञ खरं तर दोन हवेत. एक सात महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला आणि उरले एकटे मशीनकाका.

मशीनकाका म्हणजे साठीला टेकलेला, बारीक अंगाचा, मोजून बोलणारा माणूस. इतका मोजून, की पेशंट म्हणायचे, काकांपेक्षा मशीन जास्त बोलतं. सात महिने रविवार सोडून रोज पहाटे साडेपाचला ते हजर. ताप आला तरी हजर. गेल्या महिन्यात त्यांनी रजेचा अर्ज आणून तारीखबाईच्या टेबलावर ठेवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "घरगुती". तिने तीनदा खोदून विचारलं तेव्हा कुठे कळलं, की लेकीचं बाळंतपण जवळ आलंय. लेक दुसऱ्या गावी एकटी. जावई जहाजावर, तो दोन महिने तरी येत नाही. काकांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे लेकीकडे जायचं तर काकांनीच.

"मला तिथं असायला हवं, ताई," काका म्हणाले होते. "तिचे दोन हात पुरायचे नाहीत."

अधीक्षकांनी अर्जावर लाल शाईत लिहिलं, नवीन तंत्रज्ञ कामावर हजर झाल्यावर रजा मंजूर. त्यांचंही चूक नव्हतं. काका गेले की आठ खुर्च्या बंद, आणि त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना एक पाळी चुकवणं परवडणारं नव्हतं. पण दोन्ही बाजू बरोबर असल्या की मधला माणूस भरडला जातो, आणि इथे मधली होती तारीखबाई. जाहिरात दिली, अर्ज आले, चाळून चाळून एकच उमेदवार उरली. तीन वर्षांचा अनुभव, तोही याच मशीनवरचा, आणि उद्या या म्हटलं तर उद्या येणारी. फक्त एक मेख होती. तिला दुसऱ्या एका इस्पितळानेही बोलावलं होतं आणि त्यांना तिने शुक्रवारी सकाळी दहापर्यंत हो की नाही सांगायचं होतं. म्हणजे मुलाखत गुरुवारी संध्याकाळच्या आत, नाहीतर पुन्हा जाहिरात, पुन्हा दोन महिने. लेकीचे दिवस पुढच्या आठवड्यात भरत होते.

नियम असा, की मुलाखतीला तिघं एका वेळी एका खोलीत हवेत. विभागाचे प्रमुख म्हणून किडनीचे मोठे डॉक्टर, परिचारिकांच्या वतीने मेट्रन, आणि कामातला जाणकार म्हणून स्वतः मशीनकाका. तिघांपैकी एक नसला तर निकालाच्या कागदाला किंमत शून्य. तारीखबाईने आधी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा तिने चांगलं पानभर पत्र लिहिलं, "सर्व संबंधितांनी आपापली उपलब्धता कळवावी" असं. उत्तर एकाचंही नाही. दुसऱ्यांदा विचारलं, सकाळी जमेल का? तिघंही म्हणाले, जमेल. तेव्हा असं निघालं, की काकांची सकाळ साडेपाचला होते, मेट्रनची आठला आणि डॉक्टरांची अकराला. तिघांच्या सकाळी एकमेकींना भेटतच नव्हत्या.

तेव्हा या खेपेला तिने ठरवलं, पाल्हाळ नको. सोमवारी दुपारी तिघांचा एक ग्रुप केला आणि त्यात तीन ओळी टाकल्या.

"डायलिसिस तंत्रज्ञ मुलाखत, ४० मिनिटं.
१) बुधवार ११.०० २) गुरुवार १२.३० ३) गुरुवार २.००
कुठली वेळ जमेल ते कळवा."

लिहून झाल्यावर तिने तो संदेश चार वेळा वाचला आणि स्वतःवरच खूश झाली. यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबड्या पोरालाही कळेल. हा असा विचार मनात आला की माणसाने सावध व्हावं, पण होतं कोण?

मंगळवारी सकाळी ती कामावर पोचते तो फोनवर तीन उत्तरं. डॉक्टरांचं "2". मेट्रनचं "2". काकांच्या फोनवर अक्षरं मराठी, म्हणून त्यांचं "२". तारीखबाई पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. बारा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. तीन माणसं, एक आकडा. तिने ताबडतोब दुसऱ्या मजल्यावरची लहान बैठक खोली गुरुवारी साडेबारासाठी धरली, उमेदवार मुलीला फोन करून बोलावलं, चौघांना चहा सांगितला आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाकडे बघून हसली. दोघांनी तर घाबरून विचारलं, काय झालं म्हणून.

हा आनंद दुपारी एकपर्यंत टिकला. एक वाजता ओपीडीतून डॉक्टरांच्या मदतनीस बाईंचा फोन आला. सरांच्या वहीत गुरुवार दुपारी दोन लिहून ठेवलंय, खोली तीच ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"दोन?" तारीखबाई म्हणाली. "दोन नाही हो, साडेबारा. सरांनी दोन नंबर सांगितलाय."

पलीकडून बाई म्हणाल्या, की नंबरबिंबर त्यांना माहीत नाही. सर म्हणाले, दोन वाजता. साडेबाराला सरांपुढे चाळीस पेशंट असतात, त्यातले निम्मे पहाटे घर सोडून आलेले. ओपीडी दीडच्या आत कधी संपली आहे का?

तारीखबाईने फोन ठेवला आणि ग्रुपमधले ते तीन दोन पुन्हा पाहिले. आता ते तीन दोन तिला तीन अनोळखी माणसांसारखे दिसायला लागले. डॉक्टरांचा दोन म्हणजे दोन वाजता. मग मेट्रनचा दोन म्हणजे काय? आणि काकांचा? फोनवर विचारून पुन्हा एक दोन पदरात घ्यायची तिची हिंमत झाली नाही. ती चपला घालून उठली.

मेट्रन तिसऱ्या मजल्यावर चादरी मोजत होत्या. बाई धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड, पण मन लोण्याचं. तारीखबाईने विचारलं, की मॅडम, तुमचा दोन कुठला?

"कुठला म्हणजे?" मेट्रन म्हणाल्या. "तूच विचारलंस ना, कुठली वेळ जमेल? तीनपैकी दोन जमतात. बुधवारी माझी औषधांच्या कपाटांची तपासणी आहे. गुरुवारच्या दोन्ही जमतील. लिहिलं की, दोन."

तारीखबाईने जिन्याच्या कठड्याला हात टेकला. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मेट्रनना कळल्यावर त्या मात्र मनसोक्त हसल्या, इतक्या की पंधराव्या चादरीपाशी मोजणी चुकली आणि पुन्हा एकपासून सुरू करावी लागली. चूक अर्थात तारीखबाईच्या माथी आली.

काकांचा दोन मात्र खरोखरचा दोन नंबर निघाला. डायलिसिसच्या खोलीत आठही मशीन मंद आवाजात चालू होती आणि काका एका आजोबांच्या खुर्चीपाशी उभं राहून दाबाचे आकडे टिपत होते. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. दुसऱ्या पाळीतले पेशंट साडेदहा ते अकराच्या दरम्यान लावतो. मधले तीन तास पेशंट स्थिर असतात, तेव्हा शिकलेली सिस्टर लक्ष ठेवायला असेल तर मी पाऊण तास बाजूला होऊ शकतो. अडीचपासून एकेकाला सोडवायचं, त्याआधी सगळ्यांचे आकडे बघायचे. तेव्हा मी जागेवर हवाच. दोनला आलो तर चाळीस मिनिटं काही पुरी व्हायची नाहीत. बारा-साडेबारा उत्तम.

"डॉक्टर साडेबाराला नाहीत, काका," तारीखबाई म्हणाली. "त्यांना दोन वाजता म्हणायचं होतं."

काकांनी लेखणी खिशाला लावली. खिशातून फोन काढून त्यांनी वेळ बघितली आणि परत ठेवला, आणि त्या एका क्षणात फोनवरचा लेकीचा फोटो तारीखबाईला दिसला. मग ते आजोबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत म्हणाले, की राहू द्या ताई, नसेल जमत तर नाही, मी कळवतो तिला.

माणसाने भांडावं, आरडाओरडा करावा, म्हणजे आपल्यालाही दोन शब्द सुनावून मोकळं होता येतं. काकांसारखी माणसं "राहू द्या" म्हणतात आणि ते रात्रभर आपल्या उशाशी येऊन बसतं. जिना उतरताना तारीखबाईला स्वतःचा इतका संताप आला, की तिने लिफ्टची वाट पाहणाऱ्या एका निरपराध माणसाकडे डोळे वटारून पाहिलं.

घरी संध्याकाळी ती भाजी निवडत बसली तेव्हा निम्मी भाजी टोपलीत आणि निम्मी जमिनीवर. सासूबाई बघत होत्या. त्यांची छत्तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली होती आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. त्यांनी काय झालं विचारलं आणि सुनेने फोनच पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावून संदेश वाचला, एखादी उत्तरपत्रिका वाचावी तसा.

"यात मुलांची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "प्रश्न काढणारीची आहे. अगं, प्रश्नाला एक-दोन-तीन आणि उत्तरातही आकडेच? म्हणून तर आम्ही पर्यायांना अ, ब, क द्यायचो. आणि दुसरं सांगते. ज्याचं उत्तर तुला स्वतःला शोधता येतं, ते वर्गाला विचारू नये. वर्ग गोंधळ घालतो."

"मला कसं येणार, आई? तिघांच्या तीन तऱ्हा."

"आता माहीत आहेत ना तऱ्हा? मग मांड की गणित."

तारीखबाईने भाजीच्या कागदावरच मांडलं. डॉक्टर ओपीडीतून दीडला मोकळे. काकांना सव्वादोनपर्यंत परत जागेवर पोचायचंय. मेट्रनना गुरुवारची दुपार मोकळीच. मधे उरतात पंचेचाळीस मिनिटं, आणि मुलाखत चाळीस मिनिटांची. म्हणजे वेळ पहिल्यापासून तिथेच होती, तिने विचारलेल्या गुरुवारच्या दोन वेळांच्या मधोमध, आणि तिला दिसली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! फक्त एक अडचण होती, आणि ती इस्पितळातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती. दीड ते दोन मोठे डॉक्टर जेवत. डबा उघडत, निवांत संपवत आणि खुर्चीत मान टाकून दहा मिनिटं डोळे मिटत. त्या अर्ध्या तासात त्यांच्या दारावर टकटक करायची तर इस्पितळाला आग लागलेली हवी, आणि तीही त्यांच्या मजल्यावर.

बुधवारी सकाळी ती आधी मेट्रनकडे गेली, कारण दीडच्या वेळेला आणखी एक गाठ होती. डायलिसिसची शिकलेली सिस्टर दोनला घरी जाते. काका खाली असताना ती निघून गेली तर खोली उघडी पडली. मेट्रन म्हणाल्या, तिला सव्वादोनपर्यंत मी थांबवते, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा ये म्हणून सांगते, तू त्या वाघाच्या गुहेत जाऊन ये. तारीखबाई ओपीडी सुरू व्हायच्या आत डॉक्टरांच्या खोलीत पोचली.

डॉक्टर रिपोर्ट चाळत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की दोन वाजता म्हणून कळवलं होतं आणि त्यांच्या बाजूने विषय संपला होता. तारीखबाईने सांगितलं, की दोनला काकांना येता येत नाही, अडीचला पेशंट सोडवायचे असतात.

"मग दुसरा कोणी सोडवेल."

"दुसरा नाही, सर. दुसरा जाऊन सात महिने झाले."

डॉक्टरांनी मान वर केली. जागा रिकामी आहे हे त्यांना माहीत होतं, मागणीच्या कागदावर सही त्यांचीच होती. रोज डायलिसिसमध्ये फेरीही त्यांची असायची. पण रोज गेलं की काका रोज दिसत, आणि रोज दिसणारा माणूस कधी रजेवर जात नाही हे लक्षात यायला तो एक दिवस तरी नसावा लागतो. त्यांनी विचारलं, की या सात महिन्यांत काका किती दिवस सुट्टीवर होते? तारीखबाई हजेरीचे कागद सांभाळणारी, तिला बघावं लागलं नाही. एकही नाही, ती म्हणाली. मग तिने न थांबता बाकीचंही सांगून टाकलं. लेक, जहाजावरचा जावई, लाल शाई, शुक्रवारचे दहा. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"मला कधी बोलले नाहीत ते," डॉक्टर म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता.

"ते मागत नाहीत, सर. म्हणून मी मागायला आलेय. मला तुमचं दीड ते दोन हवंय."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या डब्याच्या पिशवीकडे, जणू तिचीही संमती हवी होती.

"दीड," ते म्हणाले. "पण मी तिथंच जेवेन. उपाशीपोटी मी कुणाचीच निवड करत नाही."

तारीखबाई बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. जागेवर बसून तिने नवा संदेश लिहिला. या वेळी चारदा वाचून खूश झाली नाही. सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी एक स्वल्पविराम काढला आणि पास केलं.

"डायलिसिस तंत्रज्ञ मुलाखत: गुरुवारी, म्हणजे उद्या, दुपारी दीड ते दोन वाजून दहा. दुसरा मजला, लहान बैठक खोली. काकांच्या जागी सिस्टर सव्वादोनपर्यंत थांबतील. सर डबा घेऊन येतील. आज बारापर्यंत फक्त 'येतो' किंवा 'येत नाही' लिहा. आकडा लिहू नये."

पाच मिनिटांत मेट्रनचं "येते" आलं. अर्ध्या तासाने काकांचं "येतो". बाराला सात मिनिटं कमी असताना डॉक्टरांचं उत्तर आलं आणि ते पाहून तारीखबाईने कपाळावर हात मारला. "येतो. डबे 2."

आता हे दोन काय? दोन वाजता डबे? दोन डबे? तिने विचारायचं धाडस केलं नाही. "येतो" आहे ना, मग बाकीचं देव बघून घेईल, असं म्हणून तिने मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, दीड तर दीड, मला काय, मी दिवसभर मोकळी आहे. सगळ्या प्रकरणात एवढं सरळ उत्तर तारीखबाईला पहिल्यांदाच मिळालं. तिला त्या मुलीचा पगार स्वतःच वाढवावासा वाटला.

गुरुवारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी तिघं खोलीत होती. तारीखबाईने घड्याळ बघितलं, दार लावलं आणि टाचणी लावलेले कागद वाटले. डॉक्टरांनी पिशवीतून एक डबा काढून स्वतःपुढे ठेवला आणि दुसरा काकांपुढे सरकवला.

"घरून दोन आणलेत," ते म्हणाले. "तुम्ही दुपारी कधी जेवता, ते मी काल पहिल्यांदा विचारलं. सिस्टर म्हणाली, जेवत नाहीत."

काका डब्याकडे बघत राहिले. मेट्रन उगाचच कागद चाळायला लागल्या. मग उमेदवार मुलगी आत आली आणि पुढचा अर्धा तास ती तिघांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. डॉक्टरांनी घास खात खात पाण्याच्या शुद्धतेबद्दल विचारलं, मेट्रननी विचारलं, की पेशंट चिडला तर काय करशील? काकांनी एकच प्रश्न विचारला. मशीनचा गजर वाजला, तर आधी कुठे बघशील?

"पेशंटकडे," मुलगी म्हणाली. "मग त्याच्या हाताकडे, सुई आणि नळ्या जागेवर आहेत का बघायला. मशीनकडे शेवटी."

काकांनी हातातली लेखणी टेबलावर आडवी ठेवली. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. दोन वाजून सहा मिनिटांनी निकालाच्या कागदावर तीन सह्या झाल्या. आठव्या मिनिटाला काका डबा बगलेत मारून जिना चढत होते, आणि अडीचला आजोबांची खुर्ची सोडवायला जागेवर होते. अधीक्षकांची सही संध्याकाळी साडेचारला मिळाली. मुलीने दुसऱ्या इस्पितळाला शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नकार कळवला आणि दुपारी ती पांढरा कोट घालून डायलिसिसमध्ये उभी होती. शनिवारचा अख्खा दिवस काकांनी तिला एकेका मशीनच्या खोड्या समजावून सांगितल्या. रविवारी सकाळी काका गेले. तारीखबाईने रजेच्या रकान्यात हिरव्या शाईने खूण केली. हिरवं पेन ती फारसं वापरायची नाही. त्या दिवशी मात्र तिचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला.

पुढच्या बुधवारी सकाळी ती लिपिकाच्या जागेसाठी नवं पॅनेल जमवत होती, पर्यायांना इमानेइतबारे अ, ब, क देऊन. तेवढ्यात जुन्या ग्रुपमध्ये काकांचा संदेश आला. त्यात एकच आकडा होता.

"२"

तारीखबाईने हातातलं काम खाली ठेवलं. हे काय आता? दोन वाजता? दोन नंबर? दोन दिवस रजा वाढवून हवी? मेट्रननी ताबडतोब लिहिलं, की काका, आकडा लिहू नये असं ठरलं होतं, नीट काय ते सांगा. डॉक्टरांनी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. काका लिहीत असल्याचं दिसत होतं. मोजून बोलणारा माणूस, लिहायलाही तेवढाच वेळ. तिघंही आपापल्या मजल्यावर हातातली कामं सोडून फोनकडे बघत राहिली.

"एक मुलगा, एक मुलगी. पहाटे झाली. लेक सुखरूप. दोन आहेत हे आधीच माहीत होतं, पण धाकधूक होती, म्हणून कुणाला बोललो नाही. जमवून दिलंत म्हणून वेळेवर पोचलो. एक माझ्या हातात आहे, म्हणून हळू लिहितोय."

तारीखबाईला त्या दिवशीचं वाक्य आठवलं, तिचे दोन हात पुरायचे नाहीत. सात महिन्यांत पहिल्यांदा माणसाने सांगितलं होतं की आपल्याला काय हवंय, आणि तेही अर्धंच. मेट्रननी लिहिलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. डॉक्टरांनी लिहिलं, की काकांनी दुपारचं वेळेवर जेवावं, हा वैद्यकीय सल्ला आहे.

तारीखबाईने खूप काही लिहायला घेतलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. डोळे भरून आल्यामुळे अक्षरं नीट दिसत नव्हती, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. शेवटी तिने लिपिकाच्या जागेचा कागद बाजूला सारला आणि दोनच शब्द टाकले.

"दोन्ही चालतील."